हस्ताक्षर उतरवताना मॉडेल शाईत नसलेला शब्द कुठून आणतं?

काजळरेघ
आजीची १९५१ सालची रोजनिशी आम्ही भावंडं मिळून टंकित करतो आहोत. टाकाने लिहिलेली आहे आणि काही पानांना ओल लागलेली आहे. मी पानांचे फोटो एका भाषा-मॉडेलला देते, ते मजकूर उतरवून देतं आणि मी तो तपासते. पहिली चाळीस पानं अगदी सुखात झाली. उतरवलेलं इतकं सरळ वाचता येत होतं, की मूळ पानावर एक नजर टाकून मी पुढे जात होते.

एक्केचाळिसाव्या पानावर ही ओळ आली:

> रात्री पाऊस पडल्यामुळे वाट बंद. भाऊ परत आले.

मला काहीच खटकलं नाही. आईने मात्र मूळ पान हातात घेतलं आणि विचारलं, "यात पाऊस कुठे आहे?" मग मी भिंग लावून बसले. शब्दावर ओलीचा डाग आहे. पहिलं अक्षर 'प' आहे हे नक्की, पण त्याच्या खाली एक आकडा लोंबतोय आणि पुढे एकच अक्षर दिसतंय. 'पाऊस' तिथे मावतच नाही.

तेव्हापासून मागच्या चाळीस पानांवरचा माझा विश्वास उडाला आहे. दोन प्रश्न आहेत. वाचता येत नसेल तर मॉडेल तसं सांगत का नाही? आणि चुकीचा शब्द वाक्यात इतका चपखल बसत असेल, तर तपासणाऱ्याने तो पकडायचा कसा?

पारंबी
"वाट बंद" म्हटल्यावर मीही पाऊसच वाचला असता. आईंना नमस्कार सांगा.

ध्यास
सोपं आहे. सेटिंगमध्ये टेंपरेचर शून्य करा. टेंपरेचर जास्त असलं की मॉडेल कल्पनाशक्ती लढवतं. शून्यावर ते फक्त दिसतं तेच लिहील.

दुर्बीण
मी काही वर्षं हस्ताक्षर ओळखणाऱ्या साधनांवर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधीच्या पिढीतली बरीचशी साधनं मुख्यतः अक्षराच्या आकारावर चालायची. डाग आला की त्यांच्याकडून 'पाऊम' किंवा 'पडूस' असं काहीतरी निघायचं. ती चूक लपत नसे, शुद्धलेखन तपासनीसाने लगेच लाल रेघ मारली असती. भाषा-मॉडेल प्रत्येक पुढचा तुकडा निवडताना दोन गोष्टी एकत्र तोलतं. चित्रात काय दिसतंय ही एक आणि अशा वाक्यात साधारणपणे काय येतं ही दुसरी. शाई स्पष्ट असली की चित्राचं पारडं जड राहतं. डाग आला की ते हलकं होतं आणि भाषेचं पारडं खाली जातं. निवड तरीही होतेच, कारण काही ना काही पुढे लिहायचंच असतं. बाहेर आलेल्या शब्दावर मात्र तो कुठल्या पारड्याने निवडला याची काहीच खूण नसते. शाईतून वाचलेला 'भाऊ' आणि अंदाजाने आलेला 'पाऊस' पडद्यावर सारखेच ठसठशीत दिसतात.

"वाचता येत नाही" असं न म्हणण्याचं कारण शिकवणीत आहे. ज्या जोड्यांवरून ही मॉडेलं शिकतात, त्यांत एका बाजूला चित्र असतं आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा पूर्ण मजकूर. जागा रिकामी सोडल्याची उदाहरणं त्यांना क्वचितच भेटतात. तो मजकूर तयार करणाऱ्या माणसांनीही पुष्कळदा संदर्भावरून शब्द भरलेले असतात. शिवाय पुढच्या टप्प्यात उत्तर देण्याला सहसा गुण मिळतात, हात टेकण्याला मिळत नाहीत.

ध्यास, टेंपरेचरबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. ते शून्य केलं की मॉडेल दर वेळी सर्वांत संभाव्य शब्दच उचलतं, त्यामुळे उत्तर फारसं बदलत नाही. पण डागाच्या जागी सर्वांत संभाव्य शब्द 'पाऊस'च आहे. मग तो दहापैकी दहा वेळा येईल आणि तपासणाऱ्याला वाटेल की मॉडेलला खात्री आहे. उलट टेंपरेचर थोडं ठेवून तेच पान चार-पाच वेळा उतरवून घेतलं, तर काही डळमळीत जागा आपोआप उघड्या पडतात.

पारंबी
एक शंका. मॉडेल डावीकडून उजवीकडे लिहीत जातं ना? मग 'पाऊस' लिहिताना 'पडल्यामुळे' अजून लिहिलेलंच नव्हतं. त्याला पुढचं कसं कळलं?

दुर्बीण
चांगला प्रश्न विचारलात. लिहिणं एकेक तुकड्याने होतं, पण पानाचं चित्र आधीच सगळं आत गेलेलं असतं. 'पडल्यामुळे वाट बंद' ही अक्षरं स्वच्छ असतील, तर त्यांचा प्रभाव 'रात्री'नंतरचा शब्द निवडतानाच पडतो. म्हणजे डागाच्या दोन्ही बाजूंचा संदर्भ त्याला मिळतो. आपणही फाटलेलं पत्र असंच वाचतो.

सांजवेळ
डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं अक्षर वाचून देणारं चांगलं ॲप कुणाला माहीत आहे का? वडिलांच्या औषधाचं नाव लागत नाहीये.

दुर्बीण
सांजवेळ, त्यासाठी कृपा करून कुठलंच मॉडेल वापरू नका. इथे चाललंय तेच तिथे होईल. नाव लागलं नाही तर मिळत्याजुळत्या नावाचं दुसरं, खरोखर अस्तित्वात असलेलं औषध समोर येईल. मात्रेतलं दशांश चिन्ह म्हणजे एक टिंब, तेही हरवू शकतं. ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्यांनाच फोन करून विचारा.

सांजवेळ
बरं, फोन करते. धन्यवाद.

पाठभेद
मी हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहण्याचं काम करतो. काजळरेघताई, हा रोग फार जुना आहे. नक्कल करणारा लेखनिक अनोळखी शब्द आला की नकळत त्या जागी ओळखीचा शब्द लिहून जायचा. म्हणून पाठचिकित्सेत एक जुना दंडक आहे: दोन प्रतींत दोन पाठ असतील, तर सहसा अवघड पाठ मूळचा धरावा. सोप्याचा अवघड करायला कुणी जात नाही, अवघडाचा सोपा मात्र आपोआप होतो. मॉडेलच्या बाबतीतही शंका घ्यायची ती सर्वांत गुळगुळीत शब्दांवर.

आता एक विचारतो. १९५१ चं लेखन म्हणजे जुन्या शुद्धलेखनातलं असणार. अनुच्चारित अनुस्वार गाळण्याचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे, १९६२ चे. तुमच्या आजींनी 'रात्रीं', 'पडल्यामुळें' असं लिहिलंय का?

काजळरेघ
हो! आत्ता पाहिलं. दोन्हींवर स्पष्ट टिंबं आहेत, त्या शब्दांवर डागही नाही. मॉडेलने दोन्ही गाळली आहेत. मी तपासताना तिकडे लक्षच दिलं नव्हतं, कारण आपल्याला 'रात्री' हेच बरोबर वाटतं.

पाठभेद
मग पुरावा त्याच ओळीत आहे. जे स्वच्छ दिसतंय तेही ते जसंच्या तसं उतरवत नाही, आजच्या वळणाचं करून देतं. असं लेखन करणाऱ्याच्या हातून डागाच्या जागी काय होईल ते उघड आहे.

दुर्बीण
पाठभेद, निष्कर्ष जरा घाईचा वाटतो. टिंब दोन कारणांनी जाऊ शकतं. तुम्ही म्हणता ती आजच्या लेखनाची सवय आहेच. पण पुष्कळ मॉडेलं मोठं चित्र आत घेण्याआधी लहान करतात. ए-फोर पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं तर ते २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. त्यात अर्ध्या मिलिमीटरचं टिंब साधारण ६ पिक्सेलचं असतं. चित्र एक तृतीयांश केलं की उरतात २. कागदाच्या खरखरीत ते विरून जातं. म्हणजे मॉडेलने टिंब पाहून गाळलं की त्याला ते दिसलंच नाही, हे आपल्याला अजून माहीत नाही.

काजळरेघ, ती ओळ आणि तिच्या वरखालच्या दोन-दोन ओळी एवढीच पट्टी कापून मोठ्या आकारात देऊन बघाल का?

वहीतपासनीस
मी शिक्षिका आहे. मुलांचे हस्तलिखित निबंध मॉडेलकडून टंकित करून घेऊन बघितले. मुलाने 'आशिर्वाद' लिहिलं होतं, टंकित प्रतीत आलं 'आशीर्वाद'. एका मुलीने क्रियापद अर्धवट सोडलं होतं, तिचं वाक्य पूर्ण होऊन आलं. शुद्धलेखनाचे गुण त्या प्रतीवरून दिले असते तर सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले असते. म्हणून विचारते: "जसं आहे तसंच उतरव, चुका सुधारू नकोस, वाचता न आल्यास अवाच्य लिही" असं स्पष्ट सांगितलं तर फरक पडतो का? मला थोडा पडल्यासारखा वाटला.

काजळरेघ
दोन्ही करून पाहिलं.

पट्टी मोठी करून दिल्यावर 'रात्रीं'वरचं टिंब परत आलं, 'पडल्यामुळें'वरचं आलं नाही. 'पाऊस' तसाच राहिला.

मग वहीतपासनीस म्हणतात तशी सूचना दिली. 'अवाच्य' दोन ठिकाणी आलं. त्यातला एक शब्द मला सहज वाचता येतो, 'दुपारीं' आहे. दुसरा खरोखरच पुसट आहे. पण पावसाच्या जागी 'अवाच्य' आलं नाही, पाऊसच आला.

दुर्बीण
म्हणजे टिंबांच्या बाबतीत पाठभेद आणि मी, दोघंही थोडे थोडे बरोबर निघालो.

सूचनेबद्दल: ती द्यावीच, फायदा होतो. पण आपण कुठे वाचलं आणि कुठे अंदाज केला, हे मॉडेलला नीट ठाऊक असेलच असं नाही. संदर्भ पक्का असेल तर त्याला ती जागा अवघड वाटतच नाही. 'अवाच्य' तिथे येतं जिथे शाई आणि संदर्भ दोन्ही कमकुवत असतात. तुम्हाला नेमकी ती जागा शोधायची आहे, जिथे शाई कमकुवत आहे आणि संदर्भ भक्कम.

ध्यास
मग प्रत्येक शब्दापुढे खात्रीची टक्केवारी मागा ना.

वहीतपासनीस
मागितली होती. जवळजवळ सगळ्या शब्दांपुढे ९५ टक्के. सुधारून दिलेल्या 'आशीर्वाद'पुढेही.

दुर्बीण
ती टक्केवारीही लिहिलेला मजकूरच असते, आतलं मोजमाप नव्हे. काही ठिकाणी प्रत्येक तुकड्याची आतली संभाव्यता मिळू शकते, ती थोडी उपयोगी पडते. पण तीही शाई आणि भाषा यांची मिळून असते. 'पाऊस'ची संभाव्यता चांगली भरघोस निघेल.

ध्यास
ठीक. शेवटचा उपाय: दोन वेगवेगळी मॉडेलं वापरा, जिथे जुळेल ते बरोबर धरा.

दुर्बीण
जिथे जुळणार नाही तिथे थांबा, इतपत हे चांगलं आहे. 'जुळलं म्हणजे बरोबर' मात्र धरू नका. दोघंही तीच भाषा शिकलेली आहेत. रात्री काय पडतं याबद्दल त्यांचं मत सारखंच असणार.

आडवाट
मला २०१३ ची गोष्ट आठवली. डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की काही स्कॅनर-कॉपी यंत्रं कागदावरचे आकडेच बदलून टाकत होती. ६ च्या जागी ८ येत होता. बदललेला आकडा जराही पुसट नसायचा, त्यामुळे कुणाला संशयच येत नव्हता. हाच प्रकार ना?

दुर्बीण
परिणाम तसाच, कारण वेगळं. तिथे भाषेचा संबंध नव्हता. चित्र दाबून लहान करताना सारखे दिसणारे तुकडे एकच मानले जात होते आणि एकाच्या जागी दुसरा छापला जात होता. पण तपासणाऱ्याच्या दृष्टीने तुमची आठवण मोलाची आहे. पुसटपणा हीच आपली सावधगिरीची घंटा असते आणि दोन्हीकडे ती घंटाच काढून टाकली जाते.

खिळेजुळारी
मी छापखान्यात मुद्रितशोधनात आयुष्य घालवलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अनुभवातून द्यावंसं वाटतं.

काजळरेघ, तुम्ही आधी टंकित मजकूर वाचता आणि मग मूळ पान बघता. तिथेच सगळं हातचं जातं. एकदा 'पाऊस' वाचला की डागातही पाऊस दिसायला लागतो. तुमच्या आईंनी आधी मूळ हातात घेतलं, म्हणून त्यांना सापडलं. आम्ही दोघं बसायचो. एकाच्या हातात हस्तलिखित, दुसऱ्याच्या हातात मुद्रित. मूळवाल्याने मुद्रित बघायचं नाही, मोठ्याने वाचायचं आणि अडलं तर अडलं म्हणायचं. दुसऱ्याने त्याला शब्द सुचवायचा नाही, हा नियम फार कडक होता.

एकट्याने करायचं असेल तर मूळ पानाची एक छापील प्रत घ्या आणि मॉडेलचा मजकूर न बघता पेन्सिलीने शंकेच्या जागा गोल करा. हे आधी. नंतर मजकूर उघडा. आणि खालच्या ओळीपासून वर या. गोष्टीचा ओघ तुटला की डोळे अक्षरं बघायला लागतात.

पारंबी
खालून वर वाचायचं ही युक्ती फारच आवडली. करून बघणार.

दुर्बीण
खिळेजुळारींशी पूर्ण सहमत. हे झाल्यावर गोल केलेल्या शब्दांवर मी दोन गोष्टी करतो.

पहिली, शाईचा हिशेब. वाचलेल्या प्रत्येक अक्षराला कागदावर शाई मिळाली पाहिजे आणि कागदावरच्या प्रत्येक रेघेला अक्षरात जागा मिळाली पाहिजे. 'पाऊस'ला तीन उभे दंड हवेत: प चा, कान्याचा, स चा. प च्या खाली काहीही असता कामा नये. काजळरेघ, तुमच्या डागात दंड किती दिसतात?

दुसरी, झाकून बघणं. पानाच्या चित्राची प्रत घ्या, शंकेचा शब्द पूर्ण झाका आणि मॉडेलला पुन्हा उतरवायला द्या. पांढरी चौकट टाकू नका, ती कृत्रिम दिसते आणि मॉडेल तिथे जागा सोडण्याची शक्यता वाढते. त्याच पानावरच्या कोऱ्या, ओल लागलेल्या भागाचा तुकडा वर चिकटवा. शाई नाहीशी करूनही तोच शब्द आला, तर तो संदर्भातून येऊ शकतो, शाईची गरज नव्हती, हे सिद्ध झालं.

ध्यास
म्हणजे झाकल्यावर तोच शब्द आला तर तो चुकीचा, असंच ना?

दुर्बीण
नाही, इथेच गफलत होते. 'सूर्य पूर्वेला उगवतो' मधला 'पूर्वेला' झाकला तरी तोच येईल आणि तो बरोबरच असेल. तोच शब्द आला याचा अर्थ एवढाच, की मॉडेलच्या साक्षीला इथे वजन नाही, माणसाने शाई स्वतः वाचली पाहिजे. झाकल्यावर शब्द बदलला, तर मूळ वाचनात शाईचा हात होता असं म्हणता येतं. तोही पुरावा आहे, खात्री नव्हे.

पाठभेद
आणि झाकण्याच्या उलटही करून बघा. नुसता तो शब्द कापून, आजूबाजूचं काही न देता वाचायला द्या. संदर्भ काढला की काय उरतं ते कळेल.

काजळरेघ
दोन दिवस एकाच पानावर बसले होते. सविस्तर लिहिते.

खिळेजुळारी काकांनी सांगितलं तसं आधी मजकूर न बघता शंकेचे शब्द गोल केले. ११ निघाले. मॉडेलने पहिल्या वेळी यांपैकी एकाही जागी शंका दाखवली नव्हती.

मग एकेक शब्द झाकून पान पुन्हा दिलं. चार ठिकाणी शब्द बदलला किंवा जागा सुटली. ते चारही मी अक्षर लावून वाचले, मॉडेलचं मूळ वाचन बरोबर होतं. उरलेल्या सात ठिकाणी शाई नसतानाही तोच शब्द आला. 'पाऊस' त्यांतलाच. कोऱ्या ओलसर कागदावर पाऊस वाचलेला बघून अंगावर काटा आला.

या सात शब्दांसाठी मी आजीच्या स्वच्छ पानांवरून अक्षरं कापून एक तक्ता केला: तिचा प, तिचा ल, तिचा भ. सातांपैकी चार शब्द शाईतही तेच निघाले. दोन वेगळे निघाले.

एक, पाऊस. दंड एकच दिसतो, प चा. त्याच्या खालचा आकडा म्हणजे दीर्घ ऊकार, तिच्या 'दूर' आणि 'मूल'मधल्यासारखाच. शेवटचं अक्षर गोलसर आहे आणि त्याला उजवीकडे दंड नाही. आजी मराठी वळणाचा ल काढायची, त्याला तसा दंड नसतोच. शब्द 'पूल' आहे! नुसता शब्द कापून दिल्यावर मॉडेलने तीन वेळांत 'फूल', 'पूल', 'पूल' असं वाचलं, पाऊस एकदाही नाही. आणि पुढच्या महिन्याच्या एका पानावर आजीने स्वच्छ अक्षरात लिहिलंय, "नव्या पुलावरून प्रथमच गेलों." म्हणजे पूल खरंच पडला होता. आमच्या घरात कुणालाच हे माहीत नव्हतं.

दुसरा शब्द: मॉडेल म्हणतं "पोस्टातून पत्र आले". मूळ आहे "पोस्टांतून पुडकें आलें". व्याकरण दोन्हीकडे तंतोतंत जुळतं, त्यामुळे नुसतं वाचून हे कधीच सापडलं नसतं.

पारंबी
पूल! आईंना पुन्हा एकदा नमस्कार.

पाठभेद
फार सुंदर काम केलंत. नव्या पुलाची ती नोंद म्हणजे शाईच्या बाहेरचा स्वतंत्र आधार आहे, असा आधार रोज मिळत नाही. एक मत मांडतो: अंतिम प्रतीत तरीही [पूल] असं चौकटी कंसात ठेवा. वाचन तुमचं आहे हे पुढच्या वाचकाला कळलं पाहिजे.

खिळेजुळारी
मला नाही पटत. प, ऊकार आणि ल तिन्ही सापडले असतील तर कंस कशाला? प्रत्येक शंकेला कंस लावला तर रोजनिशी वाचायची कुणी? जिथे खरोखर ठरत नाही तिथेच ठेवा.

आडवाट
मागच्या चाळीस पानांचं काय करणार? एका पानाला दोन दिवस म्हणजे फार होतात.

दुर्बीण
सगळं झाकून बघायची गरज नाही. क्रम लावा. आधी ओल लागलेली पानं घ्या आणि त्यांत एकही 'अवाच्य' किंवा खंड नसलेली पानं सर्वांत आधी. खराब पान आणि अखंड मजकूर हीच जोडी संशयाची. स्वच्छ पानांवर फक्त नावं, तारखा आणि आकडे मूळाशी ताडा. तिथे वाक्यावरून नेमकं काय असेल ते ठरत नाही, कुठलंही नाव, कुठलाही आकडा बसून जातो, म्हणून चुकलेलं खटकत नाही. आणि पानावरची टिंबं मोजा. मूळात तीस आणि प्रतीत दोन असतील, तर ते पान उतरवलेलं नाही, पुन्हा रचलेलं आहे असं समजून तपासा.

वहीतपासनीस
टिंबं मोजण्याची कल्पना मुलांच्या वह्यांना लावता येईल. मूळातल्या चुका मोजायच्या आणि प्रतीत किती उरल्या ते बघायचं. उद्याच करते.

पारंबी
काजळरेघ, सातांपैकी चार बरोबर, दोन वेगळे. सातवा शब्द?

काजळरेघ
तो लागत नाहीये. कुणाचं तरी नाव आहे, "___नाना येऊन गेले". मॉडेल 'भिकूनाना' म्हणतं, झाकलं तरी 'भिकूनाना'च, कारण वरच्या ओळीत एक भिकूनाना आहेत. पण मला पहिलं अक्षर 'मि' वाटतं. दुसरं अक्षर जवळजवळ गेलेलंच आहे.

दुर्बीण
'भाऊ' शब्द स्वच्छ आहे ना? त्यातल्या भ च्या डावीकडची गाठ आणि या अक्षराची डावी बाजू शेजारी ठेवून चित्र टाका.

काजळरेघ
टाकलं आहे. गाठ जिथे असायला हवी, बरोबर तिथूनच ओलीची कड जाते.

पाठभेद
मला कडेच्या आत शाईचा एक ठिपका दिसतो. माझं मत भ.

दुर्बीण
तसले ठिपके कडेवर आणखी तीन ठिकाणी आहेत, जिथे अक्षरच नाही. मी ठरवणार नाही.

काजळरेघ
मग सध्या [भि/मि–]नाना असं ठेवते. आजीच्या धाकट्या बहिणीला अजून सगळं आठवतं. रविवारी तिच्याकडे जाते आहे, त्या वर्षी घरी कोणते नाना येत असत ते तिलाच विचारते. आधी 'भिकू' हे नाव मात्र तिच्यासमोर काढणार नाही.